सोयाबीनच्या दुधाचा व चोथ्याचा प्रथिन-जमाखर्च

सोयाबीनचे दूध करण्याचे प्रात्यक्षिक गावात दाखविले की, दूध गाळून झाल्यावर फडक्यात उरलेल्या चोथ्याकडे सर्वांचे लक्ष जाते. अशाच एका प्रात्यक्षिकाच्या वेळी एका वयस्क बाईंनी चोथ्याचा गोळा हातात घेऊन प्रस्तुत लेखकास विचारले, "साहेब, ह्यातलं सत्त्व दुधात उतरलं, का हितंच राहिलं?" जवळ उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले की, सत्त्व सारे दुधात जाते, चोथा म्हणजे नुसता भुसा, तो उकिरड्यावर टाकावा. दुसरे म्हणाले की, दूध म्हणजे पांढरे पाणी, खरा कस चोथ्यातच असतो. दोघांचेही म्हणणे बरोबर नव्हते. बाईंचा प्रश्न मात्र अगदी योग्य होता, आणि त्याचे उत्तर तराजू, फडके व थोडी आकडेमोड एवढ्यावर घरच्या घरी काढता येते. ते कसे काढावे आणि त्यावरून आपल्या कृतीतील दोष कसा ओळखावा, हे या लेखात सांगण्याचे योजिले आहे.

प्रथिने दाण्यातून दुधात कशी येतात

सोयाबीनच्या १०० ग्रॅम वाळलेल्या दाण्यांत साधारणपणे ३६ ते ४० ग्रॅम प्रथिने असतात. ही प्रथिने दाण्यात मोकळी पसरलेली नसून, दाण्याच्या सूक्ष्म पेशींमध्ये बारीक कणांच्या रूपाने साठविलेली असतात. प्रत्येक पेशीभोवती तंतुमय भिंत असते. दाणा भिजला म्हणजे ही भिंत मऊ होते व वाटल्यावर फुटते. भिंत फुटली की, आतील प्रथिने पाण्यात उतरतात व त्यांच्याबरोबर तेलाचे सूक्ष्म थेंबही येतात. या मिश्रणालाच आपण सोयाबीनचे दूध म्हणतो. फुटलेल्या भिंती, दाण्याची साल आणि ज्या पेशी फुटल्याच नाहीत त्या, एवढे सर्व फडक्यावर राहते. तोच चोथा होय.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होईल. न फुटलेल्या पेशीतील प्रथिने कितीही पाणी ओतले तरी दुधात येत नाहीत. चोथ्यात किती प्रथिने राहणार हे प्रथम वाटण्यावर ठरते, आणि त्यानंतर पिळण्यावर.

दूध करण्याची रीत

पाव किलो, म्हणजे २५० ग्रॅम, स्वच्छ निवडलेले सोयाबीन घ्यावे. किडके, काळे पडलेले व फुटके दाणे काढून टाकावे, कारण फुटक्या दाण्यास लवकर खवट वास येतो. दाणे दोन-तीन पाण्यांत धुऊन तिप्पट-चौपट पाण्यात भिजत घालावे. थंडीत १२ तास व इतर दिवसांत ८ ते १० तास पुरतात. उन्हाळ्यात चार-पाच तासांनी पाणी बदलावे. दाणा बोटांत धरून दोन डाळी वेगळ्या केल्या असता, त्या आतून सपाट व सर्वत्र एकाच रंगाच्या दिसल्या म्हणजे दाणा पुरता भिजला असे समजावे. मध्ये खळगा किंवा गडद ठिपका दिसल्यास आणखी भिजू द्यावे. पुरते भिजलेले २५० ग्रॅम दाणे वजनाने साधारण ५६० ग्रॅम भरतात. भिजवलेले पाणी फेकून द्यावे. त्यात प्रथिने फारच थोडी जातात, परंतु पोटात वायू धरणाऱ्या शर्करांचा काही भाग मात्र निघून जातो.

वाटण्यासाठी एकंदर पावणेदोन लिटर पाणी मोजून बाजूस ठेवावे. त्यांपैकी ३०० मिलीलिटर वेगळ्या भांड्यात काढावे. त्याचे काम पुढे येईल. उरलेल्या पाण्यातील थोडे थोडे घेऊन दाणे मिक्सरमध्ये किंवा पाट्यावर अगदी बारीक वाटावे. प्रारंभीच सारे पाणी ओतू नये, कारण पातळ मिश्रणात दाण्याचे कण पात्याखालून निसटतात व भरड राहतात. वाटण चिमटीत घेऊन बोटांनी चोळून पाहावे. रव्यासारखी कणी लागली तर आणखी वाटावे. मग राहिलेले पाणी मिसळून मिश्रण चांगले ढवळावे, दुहेरी मलमलीतून किंवा धुतलेल्या पंच्यातून गाळावे आणि फडके पिळून घ्यावे.

गाळलेले दूध जाड बुडाच्या भांड्यात मध्यम आचेवर ठेवून सारखे ढवळीत राहावे. येथे एक चूक हमखास होते. खरी उकळी येण्यापूर्वीच या दुधावर फेसाचा मोठा थर चढतो व दूध उतू जाऊ लागते. गाईच्या दुधाच्या सवयीने ही उकळी समजून भांडे खाली उतरविले जाते. वस्तुतः त्या वेळी दूध पुरते तापलेलेच नसते. फेस चढताच आच मंद करावी, फेस ढवळून मोडावा आणि खरी उकळी फुटल्यापासून २० मिनिटे दूध उकळत ठेवावे. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनास अडथळा करणारा घटक असतो, तो या उष्णतेने बहुतांशी नष्ट होतो. अपुऱ्या उकळलेल्या दुधाने मळमळ, उलट्या व पोटदुखी होते. उकळताना आटलेले पाणी शेवटी उकळलेले पाणी घालून भरून काढावे.

पाव किलो दाण्यांचा जमाखर्च

आता हिशेब मांडू. आपल्या दाण्यांत १०० ग्रॅमला ३८ ग्रॅम प्रथिने आहेत असे धरले, तर २५० ग्रॅम दाण्यांत ९५ ग्रॅम प्रथिने झाली. ही आपली जमा.

प्रथम असे समजू की, बाजूस काढलेले ३०० मिलीलिटर पाणीदेखील पहिल्याच वेळी मिश्रणात घातले व चोथा एकदाच पिळला. भिजलेले दाणे ५६० ग्रॅम आणि पाणी १७५० ग्रॅम मिळून २३१० ग्रॅम मिश्रण झाले. दाणे बारीक वाटले असतील व फडके हाताने चांगले पिळले असेल, तर सुमारे ३५० ग्रॅम ओला चोथा उरतो आणि दोन लिटरला थोडे कमी, म्हणजे १९६० ग्रॅमच्या आसपास दूध मिळते.

हा ओला चोथा उन्हात कडकडीत वाळविला तर ७० ग्रॅमच भरतो. बाकीचे २८० ग्रॅम पाणीच होते. वाळलेल्या चोथ्यात १०० ग्रॅमला २५ ते ३० ग्रॅम प्रथिने असतात. २८ धरली तर ७० ग्रॅमांत सुमारे २० ग्रॅम झाली. भिजवलेल्या पाण्यात एखादा ग्रॅम गेला असे मानू. ९५ मधून हे २१ वजा जाता ७४ ग्रॅम प्रथिने दुधात उतरली. म्हणजे दाण्यातील तीन चतुर्थांशांहून थोडी अधिक प्रथिने दुधात आली व साधारण एक पंचमांश चोथ्यात राहिली. दुधाच्या दर १०० ग्रॅमला पावणेचार ग्रॅमच्या आसपास प्रथिने पडतात. गाईच्या दुधात हे प्रमाण सुमारे सव्वातीन व म्हशीच्या दुधात सुमारे चार असते.

बाईंच्या प्रश्नाचे उत्तर असे मिळाले. सत्त्वाचा मोठा वाटा दुधात उतरला, परंतु चोथ्यात राहिलेला वाटाही टाकून देण्याजोगा नाही.

चोथ्यातील अर्धा वाटा परत मिळण्यासारखा

चोथ्यातील या २० ग्रॅम प्रथिनांकडे थोडे बारकाईने पाहावे. ओल्या चोथ्यातील २८० ग्रॅम पाणी हे साधे पाणी नव्हे, ते चोथ्याने धरून ठेवलेले दूधच होय. १०० ग्रॅमला पावणेचार ग्रॅम या हिशेबाने त्यात दहा ग्रॅमांहून थोडी अधिक प्रथिने आहेत. म्हणजे चोथ्यातील निम्मी प्रथिने पेशींत अडकलेली नसून, केवळ पिळून न निघालेल्या दुधाची आहेत.

बाजूस ठेवलेल्या ३०० मिलीलिटर पाण्याचे काम येथे आहे. एकदा पिळलेला चोथा भांड्यात काढून त्यात हे पाणी घालावे, हाताने चांगले कालवून पाच मिनिटे ठेवावे व पुन्हा फडक्यातून पिळून घ्यावे. हे दुसरे दूध पहिल्यात मिसळावे. चोथ्याने धरलेल्या दुधाच्या जागी पातळ दूध राहिल्याने सुमारे ५ ग्रॅम प्रथिने अधिक हाती लागतात. हे पाणी मूळ मापातूनच काढले असल्यामुळे दूध मात्र पातळ होत नाही. तिसऱ्यांदा धुण्यात विशेष लाभ नाही, प्रथिने थोडी मिळतात व दुधात पाणी वाढते.

पाणी वाढविल्याने काय होते

दूध अधिक व्हावे म्हणून पाव किलो दाण्यांस साडेतीन लिटर पाणी घालण्याची प्रवृत्ती अनेक ठिकाणी दिसते. पाणी वाढविले की चोथ्यातून चार-पाच ग्रॅम प्रथिने अधिक निघतात हे खरे. तथापि दूध जवळजवळ दुप्पट होते. ७४ ऐवजी ७८ ग्रॅम प्रथिने पावणेचार लिटर दुधात पसरली, तर १०० ग्रॅमला दोनच ग्रॅम पडतात. दाट दुधाच्या २०० मिलीलिटर पेल्यातून मुलास साडेसात ग्रॅम प्रथिने मिळत होती, तेथे या पेल्यातून चारच मिळतात. दिसण्यात मात्र दोन्ही पेले पांढरेशुभ्र असतात, कारण दुधाचा पांढरेपणा तेलाच्या व प्रथिनांच्या सूक्ष्म कणांमुळे असतो आणि थोडे कणही तो आणण्यास पुरतात. म्हणून दुधाची पारख रंगावरून न करता, दाणे किती व पाणी किती या मापावरून करावी. बचत गटाने दूध विकावयाचे ठरविल्यास हे माप कागदावर लिहून भिंतीस लावावे व प्रत्येक वेळी तेच पाळावे.

चोथा वाळवून दोष ओळखणे

दुधाकडे पाहून वाटण चांगले झाले की नाही हे कळत नाही. चोथा मात्र ते सांगतो. सर्व ओला चोथा तोलावा. त्यांतून १०० ग्रॅम वेगळा घेऊन ताटात पातळ पसरावा व कडक उन्हात, मोडल्यास कुरकुरेल इतका, वाळवावा. त्याचे वजन करून सर्व चोथ्यास किती होईल ते काढावे. पाव किलो दाण्यांमागे वाळलेला चोथा ६५ ते ८० ग्रॅम भरला तर कृती चांगली साधली असे समजावे. सालीसह वाटलेल्या दाण्यांचे हे माप आहे. साल काढून टाकली असल्यास ते १५ ते २० ग्रॅमांनी कमी धरावे.

वाळलेला चोथा १०० ग्रॅमच्या वर गेला तर काहीतरी बिघडले आहे हे निश्चित. समजा तो १०५ ग्रॅम भरला. अशा चोथ्यात न फुटलेले कण अधिक असल्यामुळे प्रथिनांचे प्रमाणही वाढलेले असते. ते १०० ग्रॅमला ३४ धरल्यास चोथ्यात सुमारे ३६ ग्रॅम प्रथिने गेली व दुधात ५८ ग्रॅमच उतरली. दाण्यातील तीन चतुर्थांशांऐवजी तीन पंचमांश वाटाच दुधात आला. असे होण्याची मुख्य कारणे चार आहेत.

पहिले कारण भरड वाटण. चोथा चिमटीत चोळल्यावर कणी लागते व चावल्यावर दाण्याची चव येते. उपाय उघडच आहे.

दुसरे कारण दाणे आधी शिजविणे. सोयाबीनचा उग्र वास जावा म्हणून पुष्कळ ठिकाणी भिजलेले दाणे अर्धा तास उकळून मग वाटतात. वास कमी होतो, परंतु उष्णतेने प्रथिने पेशींच्या आतच घट्ट होतात व नंतर पाण्यात उतरत नाहीत. दूध पातळ व चोथा भरपूर होतो. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९७० च्या दशकात दाणे आधी शिजवून दूध करण्याची रीत बसविण्यात आली, परंतु तीत चोथा गाळून काढीतच नाहीत. सबंध दाणाच यंत्राने अत्यंत दाबाखाली दुधात एकजीव करतात. ते यंत्र घरी नसते. वासाचे मूळ असे की, दाणा पाण्यात फुटताच त्यातील एक पाचकद्रव्य तेलावर क्रिया करते. घरी तो कमी करावयाचा असल्यास भिजलेले दाणे उकळत्या पाण्यात फार तर पाच मिनिटे टाकावे, ते पाणी ओतून द्यावे व दाणे लगेच वाटावे. एवढ्यानेही प्रथिनांचा थोडा वाटा चोथ्यात अधिक जातो. वास कमी हवा असेल तर ही तूट मान्य करावी लागते.

तिसरे कारण आंबलेले दाणे. उन्हाळ्यात पाणी न बदलता दाणे रात्रभर ठेवले, तर पाण्यावर फेस येतो व आंबूस वास सुटतो. सोयाबीनची प्रथिने आम्लात विरघळत नाहीत, साकळतात. ती चोथ्याबरोबर फडक्यावर राहतात आणि जी दुधात उतरली ती उकळताना फाटतात. असे दाणे वापरू नयेत.

चौथे कारण विहिरीचे जड पाणी. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही व साबणाचा फेस होत नाही, त्या पाण्यातील क्षारांमुळेही ही प्रथिने साकळतात. सोयाबीनपासून पनीर करताना क्षार घालून दूध मुद्दाम फाडतात, तीच क्रिया येथे नको असताना होते. दाणे चांगले असून दूध तापविताना बारीक कण धरू लागले, तर एक वेळ साठविलेल्या पावसाच्या पाण्याने किंवा गावातील दुसऱ्या मऊ पाण्याने दूध करून पाहावे. फरक दिसला म्हणजे कारण कळले.

चोथ्याचा विनियोग

चोथ्यातील १५ ते २० ग्रॅम प्रथिने घरातील माणसांच्या पोटात जावीत हे उत्तम. परंतु दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. गाळताना दूध कच्चे असते, तसा चोथाही कच्चाच असतो. पचनास अडथळा करणारा तोच घटक त्यात असल्यामुळे चोथा शिजविल्यावाचून खाऊ नये. झाकणाच्या भांड्यात २५ मिनिटे वाफवावा किंवा प्रेशर कुकरमध्ये शिटी झाल्यावर मंद आचेवर १० ते १५ मिनिटे ठेवावा. दुसरी गोष्ट, ओल्या चोथ्यात चार पंचमांश पाणी असल्यामुळे तो दुपारपर्यंतही टिकत नाही, चिकट होतो व आंबतो. म्हणून दूध गाळताच तो शिजवावा व त्याच दिवशी वापरावा, अथवा शिजवून उन्हात पातळ पसरून कडक वाळवावा व दळून बंद डब्यात ठेवावा.

अर्धा किलो ज्वारीच्या पिठात सुमारे ५० ग्रॅम प्रथिने असतात. पाव किलो दाण्यांचा वाफवलेला चोथा, कांदा, मिरची व मीठ घालून त्या पिठाची थालीपिठे केली, तर तीच प्रथिने ६५ ते ७० ग्रॅमपर्यंत जातात. पीठ मळताना चोथ्यातील ओलावा पुरत असल्याने पाणी जपून घालावे. चोथा गुरांना घातला तरी वाया जात नाही, परंतु कोंबड्यांना व लहान वासरांना तो कच्चा घालू नये.

एक मर्यादा

प्रथिनांच्या बाबतीत दाट सोयाबीन दूध गाईच्या दुधाच्या बरोबरीस येते, चुन्याच्या अंशाच्या बाबतीत मात्र येत नाही. गाईच्या दुधात हाडांस लागणारा हा अंश कितीतरी अधिक असतो. तेव्हा ज्या घरी गाईम्हशीचे दूध मुलांस मिळत आहे, तेथे ते बंद करून हे देऊ नये, आणि एक वर्षाच्या आतील बालकास घरी केलेले सोयाबीन दूध आईच्या दुधाच्या जागी मुळीच देऊ नये. चहात पांढरे पाणीही न मिळणाऱ्या घरी मात्र, जेथे सोयाबीनची पोती थेट बाजारात जातात, तेथे पाव किलो दाणे घरी ठेवल्यास काय मिळते याचा हिशेब वर दिलाच आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील प्रात्यक्षिकास जाताना तराजू बरोबर न्यावा, दाणे, पाणी व चोथा हे तिन्ही लोकांसमक्ष तोलावे आणि थोडा चोथा वाळत घालून दुसऱ्या दिवशी त्याचे वजन सांगावे. त्या बाईंना प्रस्तुत लेखकाने दुसऱ्या दिवशी वाळलेला चोथा तोलून दाखविला. तो पाहून त्या एवढेच म्हणाल्या, "मग आमचं वाटण जाडच हुतं म्हणायचं." एवढे ज्यांना स्वतः वजनावरून कळले, त्यांना वाटण किती बारीक हवे हे पुन्हा सांगावे लागले नाही.